ईदचे कपडे शिवायला घेताना: तारीख आणि बयाना

शाबान लागला की घरी शिलाई करणाऱ्या आपल्या भगिनींकडे ईदच्या ड्रेसची रांग लागते. चाँदरातीला मात्र दारात भांडणं होतात. ड्रेस तयार नाही, बयाना खर्च झालेला. आमच्या मते बहुतेक वेळा नियत खराब नसते, हिशेबच केलेला नसतो.

अस्तर लावलेल्या एका ड्रेसला कटिंगपासून तुरपाईपर्यंत पाच-सहा तास लागतात असं धरू. रमजानमध्ये फजरनंतर आणि तरावीहनंतर मिळून मशीनवर तेवढाच वेळ मिळतो. म्हणजे दिवसाला एक ड्रेस. 24 रोजांतून लाइट जाणं आणि आजारपण यांचे चार दिवस वजा केले तर 20 ड्रेस. विसाव्या ऑर्डरला वही बंद, मग सख्खी नणंद आली तरी! तारीख "ईदच्या आधी" अशी देऊ नये. चाँद 29 ला दिसू शकतो, म्हणून 25 वा रोजा सांगावा. फिटिंगसाठी चार दिवस हातात राहतात. जरदोजी बाहेरच्या कारागिराकडे जाणार असेल तर आधी त्याची तारीख घ्यावी, मग गिऱ्हाइकाला आपली सांगावी.

बयाना कापड-अस्तराच्या किमतीइतकाच घ्यावा. ड्रेस 2300 रुपयांचा आणि माल 1400 चा, तर बयाना 1400; शिलाईचे 900 ड्रेस हातात दिल्यावर. हे पैसे घरखर्चाच्या डब्यात जाऊ देऊ नका. 20 ऑर्डरींचे 28,000 जमले आणि 12 जणींचा माल आणला, तर 16,800 च्या पावत्या आणि पाकिटात 11,200 दिसलेच पाहिजेत. कमी भरले तर आजच्या बयान्यातून कालच्या ऑर्डरीचं कापड येतंय असं समजा. नव्या ऑर्डरी थांबल्या की हे उघडं पडतं.

गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली तर? बयाना जप्त करण्याला हनफी आणि शाफई फिकहमध्ये परवानगी नाही, हंबली मसलकमध्ये आहे. आम्हाला सरळ वाटणारी पद्धत अशी: कापड आणलेलं नसेल तर पूर्ण पैसे परत, आणलं असेल तर कापड तिचं, तिला देऊन टाकावं. कटिंगनंतरच्या मेहनतीचं काय, ते आपल्या मसलकच्या आलिमांना ऑर्डर घेण्याआधीच विचारून ठेवा आणि गिऱ्हाइकालाही तेव्हाच सांगा. उशीर आपल्याकडून होणार असेल तर आठवडाभर आधी फोन करून पैसे परत घ्यायची मुभा द्यावी, म्हणजे तिला बाजारातून तयार ड्रेस तरी घेता येईल.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे. व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस मेसेजवर विसंबू नये. कार्बनचं साधं पावतीपुस्तक आणावं: कापड, रंग, माप, एकूण किंमत, बयाना, तारीख, रद्द झाल्यास काय, आणि खाली दोघींच्या सह्या. बयाना ऑनलाइन आला असेल तर नुसता स्क्रीनशॉट पाहून पावती फाडू नका, आधी स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झाली का ते बघा.