लीड ते साइट व्हिजिट: घरविक्रीच्या जाहिरातीचा खरा हिशेब

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर बोट टेकवले की अनेकदा वेबसाइट उघडतच नाही. त्याच ॲपमध्ये एक छोटा फॉर्म समोर येतो. त्यात नाव, मोबाइल नंबर आणि ईमेल प्रोफाइलवरून आधीच भरलेले असतात, त्यामुळे ‘सबमिट’ दाबले की काम झाले. फेसबुकने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या प्रकाराला लीड ॲड म्हणतात. बिल्डरच्या ऑफिसात असा प्रत्येक फॉर्म म्हणजे एक ‘लीड’.

फॉर्म भरणे इतके सोपे असल्यामुळे लीड स्वस्तात मिळतात, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांतल्या बऱ्याच कच्च्या निघतात. कोणी फोटो बघायला बोट लावलेले असते, कोणाच्या प्रोफाइलमध्ये कधीचा बंद झालेला नंबर असतो. टेलिकॉलरला वरचेवर ‘मी कुठलाही फॉर्म भरलेला नाही’ असे ऐकावे लागू लागले, की फॉर्म फार सैल आहे असे समजावे. मेटाच्या फॉर्ममध्ये यावर एक साधा पर्याय असतो. ‘Higher intent’ हा प्रकार निवडला तर पाठवण्यापूर्वी भरलेली माहिती पुन्हा दाखवली जाते आणि ग्राहकाला ती तपासून कायम करावी लागते. त्याने लीडची संख्या घटते, पण चुकून आलेले फॉर्म बरेचसे गळून पडतात.

यापुढची चाळणी प्रश्नांची असते, आणि त्यातला बजेटचा प्रश्न सर्वांत फसवा. उदाहरणादाखल पुण्याजवळ पुनावळे येथे बांधकाम चालू असलेला एक प्रकल्प घेऊ. तिथल्या टू बीएचकेची करारनाम्यातली किंमत ७० लाख रुपये आहे. त्यावर ५ टक्के जीएसटीचे साडेतीन लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख ९० हजार आणि नोंदणी शुल्काचे ३० हजार धरले, तर घर ७८ लाख ७० हजारांवर जाते. खरेदी एकट्या महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू शकते, तरीही आकडा ७८ लाखांच्या आसपासच राहतो.

ग्राहकाच्या डोक्यातले बजेट मात्र बहुधा ‘सगळे धरून’ असते. फॉर्ममध्ये नुसते ‘तुमचे बजेट किती?’ विचारले, तर ७० लाख हा एकच आकडा ग्राहक एका अर्थाने सांगतो आणि सेल्समन दुसऱ्या अर्थाने ऐकतो. मग हा फरक साइटवर कॉस्ट शीट हातात पडल्यावर उघडा होतो आणि दोघांचाही रविवार वाया जातो. म्हणून प्रश्नातच ‘जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून एकूण बजेट’ असे लिहावे आणि पर्याय प्रकल्पाच्या किमतीभोवती कापावेत: ६५ लाखांच्या आत, ६५ ते ७५, ७५ ते ८५ आणि ८५ च्या पुढे. ‘५० लाख ते १ कोटी’ असा ऐसपैस पर्याय दिला तर उत्तरातून काहीच कळत नाही.

बजेटची दुसरी बाजू म्हणजे हातातली रोख. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देता येत नाही, आणि या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरली जात नाही. ७० लाखांवर ५६ लाखांचे कर्ज मिळाले, तर जीएसटीही खिशातूनच भरायचा धरून ग्राहकाला सुमारे २२ लाख ७० हजार रुपये स्वतः उभे करावे लागतील. हा प्रश्न फॉर्ममध्ये घातला तर माणूस बिचकतो; तो पहिल्या फोनवर, कर्जाचा विषय निघाल्यावर विचारलेला बरा.

ठिकाणाबाबतही असाच घोळ होतो. जाहिरात पुण्यात दाखवली म्हणून बघणाऱ्याला पुनावळ्यातच घर हवे आहे असे नसते. त्याचा राहण्याचा पत्ताही फारसे सांगत नाही. तो हडपसरला भाड्याने राहत असेल आणि नोकरी हिंजवडीत बदलली असेल. उलट ‘कामाचे ठिकाण कोणते?’ या प्रश्नाला हिंजवडी, ताथवडे किंवा चिंचवड असे उत्तर आले, तर घराचे कारण लगेच कळते. खराडीला काम करणारा माणूस हा प्रकल्प सहसा फक्त किंमत बघून निवडतो आणि रोजच्या प्रवासाचा विचार करून मागे फिरतो. मेटाच्या फॉर्ममध्ये उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलता येतो आणि न जुळणाऱ्याला वेगळ्या शेवटच्या पानावर नेता येते. बिल्डरचा दुसरा, कमी किमतीचा प्रकल्प असेल तर त्याची माहिती त्या पानावर द्यावी.

या चाळणीचा हिशेब लीडच्या दरात दिसत नाही. समजा, एक लाख रुपयांत नुसत्या नाव-नंबराच्या फॉर्मने ४०० लीड आणल्या आणि त्यांतले १२ जण साइटवर आले. तेवढ्याच पैशांत प्रश्न असलेल्या फॉर्मने १८० लीड आणल्या आणि १८ जण आले. पहिली लीड २५० रुपयांना आणि दुसरी ५५६ रुपयांना पडली, पण साइट व्हिजिट पहिल्या फॉर्ममध्ये ८,३३३ रुपयांना आणि दुसऱ्यात ५,५५६ रुपयांना पडली. मासिक अहवालात फक्त लीडचा दर मांडणारी एजन्सी पहिलाच फॉर्म यशस्वी ठरवते.

चांगली लीडही उशिरा फोन केल्याने हातची जाते. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये २०११ साली अमेरिकी कंपन्यांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. चौकशी आल्यापासून तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांना निर्णय घेऊ शकणाऱ्या ग्राहकाशी नीट बोलता येण्याची शक्यता, आणखी एक तास उशीर करणाऱ्यांपेक्षा जवळपास सातपट होती. तो अभ्यास घरविक्रीपुरता नव्हता, पण इथेही कारण तेच आहे. ग्राहक एका बैठकीत तीन-चार प्रकल्पांचे फॉर्म भरतो आणि जो आधी बोलतो त्याच्याकडे शनिवार-रविवारची वेळ देऊन टाकतो.

उशीर बहुधा आळसामुळे होत नाही. माणसे फोन घेऊन बसतात रात्री जेवणानंतर, आणि सेल्स ऑफिस बंद होते सातला. सकाळी कोणीतरी एक्सेल फाइल डाउनलोड करतो, मीटिंगमध्ये लीड वाटल्या जातात आणि पहिला फोन जातो बारा वाजता. यावर उपाय म्हणजे फॉर्म थेट सीआरएमला जोडणे, लीड येताच टेलिकॉलरच्या नावावर चढवणे आणि पंधरा मिनिटांत फोन न झाल्यास ती आपोआप दुसऱ्याकडे देणे. रात्रीच्या लीडला लगेच व्हॉट्सॲप संदेश जावा. त्यात प्रकल्पाचे नाव, किंमत, महारेरा क्रमांक आणि उद्या किती वाजता, कोणत्या नंबरवरून फोन येईल एवढे असले की पुरते. नंबर आधी कळलेला असला की अनोळखी म्हणून फोन कापला जाण्याची शक्यता कमी होते.

कधीकधी उशिराचे मूळ जाहिरातीच्या बजेटमध्येच असते. दोन टेलिकॉलर दिवसाला प्रत्येकी ७० फोन करत असतील आणि एका लीडला सरासरी चार वेळा फोन लावावा लागत असेल, तर रोज ३५ नव्या लीडच झेपतात. जाहिरात ६० आणत असेल, तर सहा दिवसांत दीडशे लीड तुंबतात. अशा वेळी माणूस वाढवावा किंवा जाहिरातीचे रोजचे बजेट उतरवावे. तुंबलेल्या लीडना ‘आत्ताच चौकशी केलीत ना’ म्हणून फोन करू नये. आधी संदेशाने ‘घराचा शोध अजून चालू आहे का?’ असे विचारावे आणि उत्तर देणाऱ्यांनाच फोन करावा.

रोग कुठे आहे हे ओळखायला सीआरएममधल्या दोन वेळा पुरतात: फॉर्म आल्याची आणि पहिला फोन गेल्याची. ‘फोन उचलत नाही’ असा शेरा असलेल्या लीडमध्ये हे अंतर बाकीच्यांपेक्षा बरेच मोठे दिसले, तर दोष फॉलोअपचा. फोन वेळेवर जाऊनही ‘बजेट जुळत नाही’ हाच शेरा वरचेवर पडत असेल, तर फॉर्ममधला बजेटचा प्रश्न बदलावा.