वळताना कटकट

सोसायटीच्या तळघरातून गाडी बाहेर काढायची म्हणजे स्टेअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत काटावं लागतं. काच खाली असेल आणि भिंत जवळ असेल तर पुढच्या चाकातून येणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो: कट, कट, कट, कट. गाडी सरळ झाली की तो थांबतो, म्हणून बहुतेक जण विसरूनही जातात. चाकात खडा अडकला असेल, व्हीलकॅप सैल झाली असेल अशी समजूत करून घेतात. पण खडा किंवा व्हीलकॅप वाजत असेल तर ती सरळ रस्त्यावरही वाजते. फक्त वळताना, हळू वेगात आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर ठरावीक तालात येणारा हा आवाज बहुतेक वेळा सीव्ही जॉइंटचा असतो.

पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढेच असतात. गिअरबॉक्समधून दोन्ही बाजूंना एकेक ड्राइव्ह शाफ्ट निघतो आणि चाकाला जाऊन मिळतो. अडचण अशी की हे चाक नुसतं फिरत नाही. खड्ड्यात ते वर-खाली होतं आणि वळताना डावी-उजवीकडेही फिरतं. सरळ दांडा जोडून हे जमणार नाही, मध्ये सांधा हवाच. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरच्या प्रॉपेलर शाफ्टला असायचा तसा क्रॉस जॉइंट इथे चालत नाही, कारण त्या सांध्याला कोन दिला की पलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाही. कोन 30 अंशांचा असेल तर एकाच फेरीत पलीकडचा वेग दोनदा जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा 13 टक्क्यांनी कमी होतो. चाक असं हिसके देत फिरलं तर स्टेअरिंग हातात थरथरेल आणि टायर लवकर घासतील.

यावरचा टिकाऊ उपाय फोर्ड कंपनीतला अभियंता आल्फ्रेड रझेप्पा याने 1920 च्या दशकात काढला. कोणत्याही कोनात दोन्ही बाजूंचा वेग सारखाच राहतो असा हा सांधा. 1959 च्या ब्रिटिश मिनी गाडीने तो घरोघरी पोचवला. आपल्याकडे 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली आणि तिच्याबरोबर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली. आज रस्त्यावरच्या बहुतेक हॅचबॅक आणि लहान सेडान याच जातीच्या आहेत.

सांध्याची रचना डोळ्यांसमोर आणली की आवाजाचं कोडं आपोआप सुटतं. बाहेर पोलादी वाटी असते आणि तिच्या आत एक लहान गोलसर तुकडा. दोघांवरही समोरासमोर सहा खाचा कोरलेल्या असतात आणि त्या खाचांत सहा पोलादी गोळे बसलेले असतात. हे गोळे आपल्या जागेवर राहावेत म्हणून त्यांच्याभोवती सहा खिडक्यांचं एक कडं असतं. इंजिनची सगळी ताकद या गोळ्यांतून चाकाकडे जाते. गाडी सरळ चालली असेल तेव्हा सांध्याचा कोन अगदी थोडा असतो आणि गोळे खाचेच्या मधल्या थोड्याशा जागेतच हलत राहतात. आयुष्याची निम्म्याहून जास्त किलोमीटर याच जागेवर जातात, त्यामुळे झीजही तिथेच होते. हळूहळू तिथे खळगा पडतो.

आता स्टेअरिंग शेवटपर्यंत काटलं की कोन मोठा होतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक गोळ्याला खाचेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत यावं लागतं. बैलगाडीचं चाक खोल चाकोरीतून बाहेर काढताना कसं काठावर चढतं आणि धपकन पडतं, तसंच इथे गोळा खळग्याच्या काठावरून उडी मारतो. ती उडी म्हणजेच कट. हळू वेगातच हे ऐकू येण्याचं कारणही साधं आहे. स्टेअरिंग इतकं काटून कोणी वेगाने जात नाही, आणि पहिल्या गिअरमध्ये चाकाकडे जाणारी ताकद सर्वांत जास्त असते. साधारण 10 किलोमीटर वेगाला हॅचबॅकचं चाक सेकंदाला दीड फेरी घेतं, त्यामुळे एकेक ठोका वेगळा मोजता येतो. वेग वाढवला की ठोकेही जवळ येतात.

खात्री करायची असेल तर मोकळं मैदान बघावं. काचा खाली करून पहिल्या गिअरमध्ये स्टेअरिंग पूर्ण डावीकडे काटावं आणि हलका अ‍ॅक्सिलरेटर देत गोल चक्कर मारावी. मग उजवीकडे तसंच. आवाज येत असताना क्लच दाबला आणि तो एकदम कमी झाला तर संशय पक्का होत जातो, कारण गोळ्यांवरचा भार निघून गेलेला असतो. रिव्हर्समध्येही बघावं. पुढे जाताना गोळा खाचेच्या एका बाजूला रेटला जातो आणि मागे जाताना दुसऱ्या बाजूला, म्हणून झिजलेला सांधा पुढे वाजतो पण मागे गप्प बसतो, असंही होतं. जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंचे शाफ्ट सारख्या लांबीचे असले तर डावा उजवीकडे टाकून झीज न झालेली बाजू कामाला लावायची जुगाडू पद्धत यातूनच आली. काही महिने चालतं हे, पण मला ते पटत नाही. एवढी खोलाखोली केल्यावर सांधाच नवा टाकलेला बरा.

डावीकडे वळताना वाजतंय म्हणजे उजवा सांधा गेला, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. बऱ्याचदा ते खरं निघतं, कारण वळणाच्या बाहेरच्या चाकाकडे भार जास्त जातो, पण यावर विसंबून पैसे खर्च करू नयेत. दोन्ही बाजू उघड्या डोळ्यांनी बघाव्यात. गाडी उभी असताना नुसतं स्टेअरिंग फिरवल्यावर टंग असा आवाज आला तर दोष वर, स्ट्रटच्या माउंटिंगमध्ये शोधायचा. आणि सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरत असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूचा आतला सांधा तपासायचा, तो वेगळ्या जातीचा असतो आणि कटकट करत नाही.

पण खळगा पडतो कशामुळे? नीट ग्रीस असलेला सांधा लाखभर किलोमीटर सहज जातो, कित्येकदा गाडीच्या आयुष्यभर पुरतो. त्याचा घात करतो तो त्यावरचा बूट. हा रबराचा किंवा रबरासारख्या प्लॅस्टिकचा, घड्याघड्यांचा भाता असतो. एक तोंड वाटीवर आणि दुसरं शाफ्टवर, दोन्हीकडे पट्टीच्या क्लँपने आवळलेलं. आत काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस भरलेलं असतं. उन्हाने आणि वयाने रबर कडक होतं, घड्यांच्या तळाला बारीक भेगा पडतात, कधी बाभळीची काटकी अडकते, कधी उंदीर कुरतडतो. एकदा भेग आरपार गेली की फिरणारा शाफ्ट ग्रीस बाहेर भिरकावतो आणि त्याच वाटेने पाणी आणि माती आत येते. ग्रीसमध्ये मिसळलेली माती म्हणजे गोळ्यांसाठी पॉलिश पेपरच. उन्हाळ्यात फाटलेला बूट पुढचा पाऊस काढतो, पण पाऊस संपेपर्यंत सांधा आटोपलेला असतो.

एक प्रसंग गॅरेजमध्ये बसून पाहिला. साडेआठ वर्षांची हॅचबॅक, 78,000 किलोमीटर झालेली. मालकाची तक्रार तीच, पार्किंगमधून बाहेर पडताना डाव्या चाकातून आवाज. मेकॅनिकने स्टेअरिंग उजवीकडे काटायला लावलं आणि चाकामागच्या फटीत टॉर्च मारला. रिमच्या आतल्या बाजूला आणि लोअर आर्मवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे एका ओळीत वाळून बसले होते. बूट वाटीकडच्या दुसऱ्या घडीवर बोटभर फाटला होता.

"काका, हा चारेक महिने फाटलेला असणार. सर्व्हिसिंगला कोणी दाखवलं नाही?"

"नाही हो. बिलावर तर सगळं तपासलं म्हणून खुणा होत्या."

चाक जमिनीवर असतानाच हबचा मोठा नट सैल केला, कारण गाडी उचलल्यावर तो जोर लावून सुटत नाही. मग चाक काढून लोअर आर्मचा बॉल जॉइंट वेगळा केला आणि शाफ्ट बाहेर घेतला. बूट कापला. मेकॅनिकने आतलं ग्रीस दोन बोटांत घासून मालकाच्या हातावर ठेवलं. रंग काळ्याऐवजी तांबूस आणि स्पर्श वाळूचा. हातोडीच्या ठोक्याने सांधा शाफ्टवरून उतरवला, रॉकेलने धुऊन सुकवला आणि कडं तिरकं करून एकेक गोळा बाहेर काढला. गोळ्यांवर फिकट डाग होते. खाचेच्या मधोमध नख फिरवलं तर ते अडकत होतं. एवढं झाल्यावर नवीन ग्रीस आणि नवीन बूट टाकून उपयोग नाही. आवाज थोडे दिवस दबतो, पण गेलेलं पोलाद ग्रीसने भरून येत नाही.

उजव्या बाजूचं चित्र वेगळं होतं. बुटाच्या घड्यांत भेगा होत्या, पण आरपार एकही नव्हती, आणि आतलं ग्रीस काळं, गुळगुळीत. तिथे सांधा काढून धुतला, ग्रीसचं पाकीट पूर्ण भरलं आणि फक्त बूट बदलला. क्लँप आवळण्याआधी बूट दाबून आतली हवा काढली, नाहीतर तो फुगून घड्या घासतात. डाव्या बाजूला सांधा आणि बूट दोन्ही नवे. मजुरी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच पडली. फरक मालात होता, एकीकडे काही शे रुपये आणि दुसरीकडे काही हजार. शाफ्ट न काढता बसवायचे, चिकटवायचे दुभागलेले बूटही बाजारात मिळतात. जोड तेलकट राहिला की ते उघडतात, म्हणून वाटेत अडकलं तरच वापरावेत.

कटकट ऐकून लगेच गाडी उभी करायची वेळ येत नाही, घरापर्यंत आणि गॅरेजपर्यंत ती नेता येते. पण आवाज सरळ रस्त्यावरही येऊ लागला, किंवा खडखडाट झाला, तर पुढे चालवू नये. कडं तुटलं की शाफ्ट आणि चाक यांचा संबंध सुटतो. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी मात्र जागची हलत नाही, कारण सगळी फिरकी तुटलेल्या बाजूला वाया जाते. चाक सहसा लगेच निखळत नाही, ते बेअरिंगने धरलेलं असतं. तरी हे घाटात चढावर झालं तर ब्रेकवर गाडी धरून ठेवण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

बोलेरो, ईको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पुढच्या चाकांना हे शाफ्ट नसतात, तेव्हा तिथे वळताना आवाज आला तर सीव्ही जॉइंटचं नाव घेणाऱ्या मेकॅनिकला दुसरं काय दिसतं ते विचारावं. बाकी गाड्यांत तेल बदलायला गाडी वर उचलली की खाली जाऊन चारही बूट बघून घ्यावेत, दोन बाहेरचे, दोन आतले. हाताने घड्या उघडून, टॉर्च मारून. भेगा आरपार नसतील आणि आजूबाजूला काळे शिंतोडे नसतील तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत काळजी नाही. नवा बूट टाकलेला असेल तर पाचेकशे किलोमीटरनंतर क्लँपच्या कडेला बोट फिरवावं, ग्रीस पाझरत असेल तर ते तिथेच लागतं.