बॅलन्स ट्रान्सफर: पैसे खरंच वाचतात का?

मावसभावाच्या क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपये थकलेत. व्याज महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे जीएसटी धरून सुमारे २,४७८ रुपये. त्याला दुसऱ्या बँकेची ऑफर आली: तीन महिने बिनव्याजी, प्रोसेसिंग फी २ टक्के.

आम्ही हिशेब मांडला. फी १,२००, त्यावर जीएसटी २१६, एकूण १,४१६ रुपये. एका महिन्याच्या व्याजापेक्षाही कमी!

पण दरमहा २०,००० भरले तरच मुदतीत फिटतं. नुसता मिनिमम ड्यू भरला, तर उरलेल्या रकमेवर चौथ्या महिन्यापासून नेहमीचं व्याज सुरू.

शिवाय त्या नव्या कार्डावर खरेदी टाळा. थकबाकी असताना नव्या खरेदीला सहसा बिनव्याजी मुदत मिळत नाही.

तुमच्या ऑफरचे आकडे कमेंटमध्ये टाका, हिशेब करून सांगतो.