चार नकार, एकच 'नाही'

'मी कधीच कोणाला काहीच सांगितलं नाही.' हे स्पॅनिशमध्ये म्हणायचं तर वाक्य होतं, 'नो ले दिखे नुन्का नादा आ नादिए'. 'दिखे' म्हणजे 'सांगितलं'. बाकीचे शब्द सुटे करून पाहिले तर नो म्हणजे नाही, नुन्का म्हणजे कधीच नाही, नादा म्हणजे काहीच नाही आणि नादिए म्हणजे कोणीच नाही. एका वाक्यात चार नकार आहेत. गणिताच्या हिशेबानं दोन उणे मिळून अधिक होत असतील, तर या बोलणाऱ्यानं सगळ्यांना सगळं सांगून टाकलं असलं पाहिजे. पण माद्रिदमध्ये किंवा मेक्सिकोत कोणालाही विचारा, अर्थ एकच निघेल: त्यानं तोंडच उघडलं नाही.

याचं कारण असं की इथे नकार मोजायचे नसतात, जुळवायचे असतात. जुळवणी आपल्या मराठीतही आहे. 'माझी मोठी काळी गाय आली' या वाक्यात स्त्रीलिंगाची खूण चार शब्दांवर उमटली आहे, तरी गाय एकच आहे. स्पॅनिश तेच नकाराच्या बाबतीत करते. वाक्य एकदा नकारार्थी ठरलं की त्यातल्या 'कोणी', 'काही', 'कधी' यांनाही नकाराचं रूप घ्यावं लागतं. भाषाशास्त्रात याला नकारात्मक सुसंवाद म्हणतात.

मात्र जुळवणीला एक अट आहे, आणि ती शब्दांच्या जागेची आहे. क्रियापदाच्या आधी किमान एक नकार हवाच. 'कोणी आलं नाही' हे 'नो बिनो नादिए' असं म्हणता येतं (लिहिताना 'व्ही', उच्चारताना 'ब'), किंवा नादिए पुढे आणून 'नादिए बिनो' असंही. पहिल्या वाक्यात नादिए क्रियापदाच्या मागे आहे, म्हणून पुढे नो लागला. दुसऱ्यात नादिएच पुढे आला, तेव्हा नो गळला. नुसतं 'बिनो नादिए' चालत नाही. चार नकारांचं वाक्यही 'नुन्का ले दिखे नादा आ नादिए' असं फिरवता येतं. नुन्का पुढे आला, नोची गरज संपली.

मराठी माणूस नेमका इथेच अडखळतो. आपला नकार क्रियापदाला चिकटलेला असतो. 'कोणीही', 'काहीच', 'कधीच' हे शब्द नकाराला जोर देतात, पण नकार करतो तो शेवटचा 'नाही'. त्या सवयीनं आपण 'नादिए नो बिनो' म्हणून बसतो, आणि प्रमाण स्पॅनिशमध्ये ते चूक ठरतं. याची उलट बाजू उत्तर देताना दिसते. 'कोण आलं?' याला मराठीत नुसतं 'कोणीही' म्हणून भागत नाही, 'कोणी नाही' म्हणावं लागतं. स्पॅनिश माणूस नुसतं 'नादिए' म्हणतो आणि उत्तर पूर्ण होतं. म्हणजे नादिएत नकार आहे, पण क्रियापदाच्या मागे गेला की तो एकटा वाक्य नकारार्थी करू शकत नाही.

हा दुटप्पीपणा आला कुठून, याचा माग लॅटिनमध्ये लागतो. नादाचं मूळ 'रेस नाता', म्हणजे जन्माला आलेली वस्तू. नादिए आला 'जन्मलेली माणसं' या अर्थाच्या शब्दांतून. दोन्ही मुळात होकारार्थी! 'जन्मलेलं काही पाहिलं नाही' अशा वाक्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या नकाराच्या शेजारी राहिले आणि शेजाऱ्याचा गुण त्यांना लागला. 'कान्ता मेखोर के नादिए', म्हणजे 'ती कोणाहीपेक्षा चांगलं गाते', या वाक्यात नादिएचा अर्थ आजही 'कोणीही' असाच आहे. नुन्काची गोष्ट वेगळी. तो लॅटिनपासूनच नकारार्थी, पण तोही या रांगेत सामील झाला. अभिजात लॅटिनमध्ये मात्र असे दोन नकार एकमेकांना खरोखर खोडत असत.

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये 'नादिए नो' अशी जोडी चालत होती. 'सिदचं गीत' या प्राचीन वीरकाव्यातही ती सापडते. पुढे प्रमाण भाषेनं ती टाकली. पॅराग्वेत मात्र, ग्वारानी भाषेच्या सहवासात, ती आजही बोलण्यात ऐकू येते.

मग स्पॅनिशमध्ये नकार कधीच एकमेकांना खोडत नाहीत का? खोडतात, पण त्यासाठी दोन क्रियापदं लागतात. 'नो पुएदो नो इर' म्हणजे 'मी न जाणं शक्यच नाही', जावंच लागेल. इथे एक नो 'शक्य असणं' या क्रियापदाचा आहे आणि दुसरा 'जाणं' याचा. दोघांचं काम वेगळं, म्हणून अर्थ होकाराकडे वळतो.

स्पॅनिश शिकत असाल तर वाक्यातले नकार मोजू नका. प्रत्येक क्रियापदाच्या आधी काय आहे ते पाहा. तिथे एखादा नकार असेल, तर मागे कितीही आले तरी वाक्याचा अर्थ 'नाही' असाच राहतो.