खांबाच्या आत

मालाडला लिबर्टी गार्डनजवळ माझा मावसभाऊ राहतो. त्याचा मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत, कॉलेज पार्ल्याला. भावानं त्याला लिहिलेलं पत्र देण्याआधी मला वाचायला दिलं. मासिकांच्या कचेऱ्यांत दुसऱ्यांचे मजकूर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून. ‘ताई, जरा शुद्धलेखन बघ,’ एवढंच त्याचं म्हणणं होतं. शुद्धलेखन चोख होतं. पण पत्र तसंच दिलं असतं, तर मुलानं तिसऱ्या ओळीला घडी घालून ठेवून दिलं असतं. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि ते पुन्हा लिहिलं. ते कसं लिहिलं, तेवढंच इथे सांगते.

पहिल्या मसुद्याचा मधला भाग असा होता:

‘या वयात मी घरची जबाबदारी उचलली होती. गाडीच्या दारात लटकणं हा गुन्हा आहे हे तुला माहीत आहे का? रेल्वे कायद्याचं कलम 156 वाच. तीन महिने कैद होऊ शकते. 9 जून 2025 ला मुंब्र्याला काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलंस, तरी डोक्यात प्रकाश पडत नाही. तुझ्याबरोबरची मुलं कुठल्या कुठे पोचली. आईचं बीपी वाढलंय, निदान तिचा तरी विचार कर. परवा पुलावरून मी तुला पाहिलं, गाडी सुटली तेव्हा तुझा एक पाय बाहेर होता. तुझ्या भल्यासाठीच सांगतो. आता तरी सुधार.’

यातली एकही माहिती खोटी नाही. कलम खरं, शिक्षा खरी. मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली आणि त्यातली काही जिवाला मुकली, हेही खरं. तरी पत्र चुकलं होतं, कारण मुलाला धोका ठाऊक नाही असं त्यात गृहीत धरलं होतं. रोज लोकलनं जाणाऱ्या मालाडच्या मुलाला दारातला धोका आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो. तो वाऱ्याचा झोत अंगावर घेतो, रुळाशेजारचे खांब हातभर अंतरावरून जाताना पाहतो.

या बाबतीत एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी 2005 मध्ये तो प्रसिद्ध केला. तेरा ते सोळा वर्षांची मुलं, अठरा ते बावीसचे तरुण आणि चोवीस आणि त्याहून जास्त वयाची माणसं, अशा तीन गटांना त्यांनी संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे सोबती बसले होते. सोबती असताना धोका पत्करण्याचं प्रमाण वाढलं. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये ते मोठ्या माणसांपेक्षा जास्त वाढलं. खेळाचे नियम दोन्ही वेळी तेच होते, धोक्याची माहितीही तीच होती. बदललं ते फक्त शेजारी कोण बसलं आहे एवढंच. सकाळच्या गाडीत दारात चार मित्र उभे असतील, तर तिथे कलम 156 चं काही चालत नाही. म्हणून पत्रातली आकडे-कायद्यांची सगळी वाक्यं आम्ही आधी काढली. भावाला ते जड गेलं. त्यानं ती मेहनतीनं शोधली होती.

मग मी त्याला मसुदा मोठ्यानं वाचायला सांगितला आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबवून विचारलं, ‘हे वाक्य काय करतं?’ सांगतं, विचारतं, हुकूम सोडतं, तुलना करतं की घाबरवतं? मजकूर तपासायची ही माझी जुनी पद्धत आहे. ‘माहीत आहे का?’ हे दिसायला प्रश्नार्थक, पण उत्तर नको असलेलं वाक्य. ‘निदान’, ‘तरी’, ‘आता तरी’ हे शब्द लहान, पण त्यांचा अर्थ ‘आजवर तू काहीच केलं नाहीस’ असा होतो. वाक्य कितीही मायेचं असलं, तरी ‘तरी’ आला की त्यात जुना हिशेब येतो. ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणणाऱ्याला आपलं बोलणं टोचणार हे आधीच कळलेलं असतं.

आईच्या बीपीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. मराठी घरांत हे वाक्य फार सहज येतं, आणि माझ्या मते पूर्ण पत्रात तेच सगळ्यात कडक होतं. हुकूम निदान समोरून येतो. आईच्या दुखण्याचं ओझं पाठीमागून चढवलं जातं, आणि मुलाला उत्तर द्यायला जागाच उरत नाही. बीपीबद्दल सांगायचं असेल, तर त्याला शेजारी बसवून वेगळं सांगावं. त्याला घरातली गोष्ट म्हणून सांगावी, दाराच्या बदल्यात नाही.

गाळणी झाल्यावर एकच वाक्य उरलं: पुलावरून पाहिलेलं. भावानं ते उपदेशाच्या मध्ये टाकलं होतं. ‘तू पुलावर काय करत होतास?’ मी विचारलं. तो दुधाच्या पिशव्या घेऊन पूर्वेकडून येत होता. मुलगा दिसला तसा तो कठड्याशी थांबला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलला नाही. यातलं काहीच त्यानं लिहिलं नव्हतं. बापाला भीती वाटली होती, आणि तीस वाक्यांत ‘मला भीती वाटली’ हे एक वाक्य नव्हतं. इथे एक सावधगिरी लागते. ‘मला वाटतं तू बेजबाबदार आहेस’ या वाक्यातही ‘मला’ आहे, पण तो आरोपच आहे. ‘मला’ नंतर आपली भावना आली पाहिजे, मुलाचा दोष नाही.

साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं ‘सुंदर पत्रे’ म्हणून अनेकांनी वाचली आहेत. गुरुजींना शिकवायचं नव्हतं असं कोण म्हणेल? पण आधी ते जे पाहिलं ते सांगतात. मी भावाला तेवढंच म्हटलं, ‘तू पाहिलंस तिथून सुरू कर.’

पुढचा प्रश्न मागणीचा होता. पहिल्या मसुद्यात मागण्या एकापुढे एक होत्या: दारात उभा राहू नकोस, मेट्रोनं जा, लवकर उठ, त्या मित्रांचा नाद सोड, सुधार. ‘सुधार’ ही मागणी पुरी झाली की नाही, हे कोणी कधी सांगू शकणार नाही. मेट्रोचं तिकीट लोकलच्या पासपेक्षा महाग, आणि मित्र लोकलनं जाणार. मी भावाला विचारलं, ‘तो दारात का उभा राहतो?’ ‘हिरोगिरी,’ तो म्हणाला. ‘त्यानं सांगितलं?’ ‘नाही.’ तेव्हा ते ‘का’ पत्रात प्रश्न म्हणून घालायचं ठरलं, आणि या खेपेला उत्तर हवं असलेला प्रश्न.

मागणी एकच ठेवली. लोकलच्या दारात मधोमध उभा खांब असतो. त्याच्या आत असणं आणि बाहेर असणं यात मोठा फरक आहे. ‘खांबाच्या आत जागा नसेल तर ती गाडी सोड.’ हे प्लॅटफॉर्मवर अर्ध्या सेकंदात ठरवता येतं, आणि मित्रांसमोर मान खाली न घालता करता येतं. पण गाडी सोडली की पहिलं लेक्चर चुकतं, हजेरी कमी होते आणि संध्याकाळी बाप त्यावरून बोलतो. म्हणजे गाडी न सोडण्याच्या कारणांत एक कारण भाऊ स्वतः होता. त्यामुळे मागणीबरोबर भावालाही आपल्याकडून काही द्यावं लागणार होतं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग उशिराबद्दलचं वाक्य त्यानं माझ्या मदतीशिवाय लिहिलं.

शेवटी चिठ्ठी अशी झाली:

‘मंगळवारी सकाळी मी मालाडच्या पुलावर होतो. तुझी गाडी सुटताना दिसली. तुझा एक पाय बाहेर होता आणि सॅक पाठीवर लोंबत होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच थांबलो. मला फार भीती वाटली.

दारात उभं राहण्याचं तुझं काही कारण असेल. मी कधी विचारलं नाही. सांगशील?

एक मागणं आहे. मधल्या खांबाच्या आत जागा मिळत नसेल, तर ती गाडी सोड. त्यामुळे उशीर झाला तर मी काही बोलणार नाही. हजेरी कमी पडली तर कॉलेजात मी येऊन भेटेन.

– बाबा’

मऊ करताना उलट बाजूनंही चुकतं. मधल्या एका खर्ड्यात भावानं ‘जमलं तर बघ, राग मानू नकोस’ असं लिहिलं होतं. ते मी खोडलं. खांबाची गोष्ट ‘जमलं तर’ची नाही. सूर मऊ असावा, मागणी ठाम. पारख म्हणून मी एक करते: मुलाचं नाव काढून ही चिठ्ठी दुसऱ्या कुठल्याही मुलाला देता येईल का, ते पाहते. पहिला मसुदा मुंबईतल्या कुठल्याही मुलाला चालला असता. पूल, सॅक आणि कॉलेजात जायचं वचन फक्त याच घरातलं होतं.

ती द्यायची कुठे, यावरही बोलणं झालं. भावाच्या मनात डबा होता. डबा मित्रांत उघडतो, म्हणून नको. व्हॉट्सॲपवर निळी खूण दिसली की बाप उत्तराची वाट बघत बसतो, म्हणून तेही नको. कागदावर लिहून त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवली, आणि ‘वाचलीस का?’ असं घरात कोणी विचारायचं नाही असं ठरलं. हे पाळणं वहिनीला जास्त कठीण गेलं.

मुलानं लेखी उत्तर दिलं नाही. रविवारी बाबांबरोबर भाजी आणायला गेला तेव्हा बोलला. मालाडला गाडी भरूनच येते. आत शिरलं तर गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी ठीक, पण अंधेरीला जेवढे उतरतात तेवढेच चढतात, आणि पुढच्याच स्टेशनवर पार्ल्याला आतून दारापर्यंत पोचता येत नाही. एकदा तो थेट सांताक्रूझला उतरला होता. मित्रांबरोबर दारात मजा येते, हेही त्यानं लपवलं नाही. भाऊ इतकी वर्षं त्याच मार्गानं गेला, पण त्याला चर्चगेटला उतरायचं असे. पार्ल्याच्या प्रवाशाची अडचण त्याला कधी आलीच नव्हती.

मुलगा स्वतःला इजा करत असेल किंवा नशेत अडकला असेल, तर चिठ्ठी लिहीत बसू नये. तिथे त्याच्याबरोबर बसावं आणि डॉक्टरांकडे न्यावं. दाराच्या बाबतीत चिठ्ठी पुरली, तीही अर्धीच. आता तो थोड्या आधीची गाडी धरतो, अंधेरी यायच्या आत खांबाच्या आतल्या बाजूला येऊन थांबतो आणि सॅक पुढे घेतो. शनिवारी मित्रांबरोबर परतताना अजूनही दारात उभा राहतो. भावाला हे माहीत आहे, कारण मुलानंच त्याला सांगितलं.