दोन पावलांमधले व्होल्ट

पावसाळ्यात अकरा हजारांच्या लाइनची तार तुटून शेतात पडते. बैल चरत चरत तिच्या जवळ जातो, तारेला शिवतही नाही, आणि जागच्या जागी कोसळतो. त्याला सोडवायला धावलेला माणूसही पडतो. मग लोक विचारतात, तार अंगाला लागलीच नाही तर शॉक बसला कसा? तारेकडे पाहून याचं उत्तर सापडत नाही. ते आजूबाजूच्या जमिनीत आहे.

जमिनीला टेकलेल्या तारेतून प्रवाह मातीत शिरतो आणि चहूकडे पसरतो. माती त्याला अडवते, त्यामुळे तार टेकते तिथे जमिनीचं विद्युत विभव सर्वांत जास्त असतं आणि दूर जावं तसं ते कमी होत जातं. विभव म्हणजे काय? एक कुलोम विद्युतभार लांबून, जिथे तारेचा परिणाम पोचत नाही तिथून, एखाद्या बिंदूपर्यंत आणायला जेवढं कार्य करावं लागतं तेवढं त्या बिंदूचं विभव. एका कुलोमला एक ज्यूल लागला तर एक व्होल्ट. उंचीसारखीच ही प्रत्येक जागेला चिकटलेली एक संख्या आहे. तिला दिशा नसते.

सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर समान उंचीचे बिंदू जोडून समोच्च रेषा काढतात. तसे समान विभवाचे बिंदू जोडले की समविभव रेषा मिळतात. आपल्या शेतात त्या तारेच्या टोकाभोवतीची वर्तुळं असतात. जमिनीच्या पोटातही तेच चालू असतं, तिथे ते उताणे ठेवलेले अर्धगोल होतात, एकात एक बसवलेल्या वाट्यांसारखे. या समविभव पृष्ठांचे जमिनीवर दिसणारे काठ म्हणजे ती वर्तुळं. एकाच वर्तुळावर दोन्ही पाय असतील तर त्यांच्यामधला फरक शून्य, म्हणून पायांतून प्रवाह जाणार नाही. तारेवर बसलेला पक्षी याच कारणाने सुखरूप असतो.

ही वर्तुळं कल्पनेतली नाहीत. १९१२ साली फ्रान्समध्ये नॉर्मंडीत काँराड श्लुंबर्जे यांनी जमिनीत प्रवाह सोडून अशा रेषांचा नकाशा प्रत्यक्ष काढला. एक शोधकांडी एका जागी रोवायची, दुसरी फिरवत राहायची आणि मापकाचा काटा शून्यावर आला की तिथे खूण करायची. शून्य म्हणजे दोन्ही जागी विभव सारखं. त्यांना जमिनीखालची खनिजं हुडकायची होती. जिथे खडक बदलतो तिथे रेषा वाकतात, हे त्यांनी हेरलं होतं.

आता आकडे घालून पाहू. समजा जमिनीत २० अँपिअर प्रवाह शिरतो आहे आणि मातीची रोधकता १०० ओहम-मीटर आहे. टोकापासून r अंतरावर हा प्रवाह 2πr² एवढ्या क्षेत्रफळाच्या अर्धगोलातून जातो. विभवाचं सूत्र येतं V = ρI/2πr. म्हणजे एका मीटरवर सुमारे ३१८ व्होल्ट, दोन मीटरवर १५९, पाच मीटरवर ६४ आणि दहा मीटरवर ३२. पहिल्या आणि दुसऱ्या मीटरमध्येच १५९ व्होल्ट गळून पडतात, तर पाचपासून दहापर्यंतच्या पाच मीटरांत फक्त ३२. समान फरकाची वर्तुळं काढली तर ती तारेपाशी दाटीवाटीने येतील आणि लांबवर विरळ होतील. नकाशावर कड्यापाशी रेषा दाटतात तसंच.

या उताराची तीव्रता म्हणजेच विद्युत क्षेत्र. सूत्रात लिहायचं तर E = −dV/dr, आणि एकक व्होल्ट प्रति मीटर. एका मीटरवर क्षेत्र ३१८ आहे, दोन मीटरवर ८० आणि दहा मीटरवर जेमतेम ३. अंतर दुप्पट झालं की विभव निम्मं होतं, पण क्षेत्र चौथाईवर येतं. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच, की क्षेत्राची दिशा विभव ज्या बाजूला घटतं तिकडे, तीही सर्वांत तीव्र उताराने, म्हणजे वर्तुळाला काटकोनात असते. घाटातलं पाणी वाहतं तसं. आपली वीज प्रत्यावर्ती असल्याने दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, वर दिलेले आकडे हे त्याचे परिणामी मूल्य आहेत. उतार मात्र कायम राहतो, आणि पायांना तोच जाणवतो.

म्हणून माणसाचा जीव कुठे उभा आहे याबरोबरच पाय किती फाकले आहेत यावरही अवलंबून असतो. तारेपासून एका मीटरवर एक पाय आणि ७० सेंटिमीटर पुढे दुसरा असेल तर फरक सुमारे १३१ व्होल्ट. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत साधारण दीड मीटर अंतर असतं, तेव्हा त्याच्या वाट्याला १९१ येतात, आणि त्याच्या अंगातून जाणारा प्रवाह पुढच्या पायांकडून मागच्या पायांकडे छातीतून जातो. माणसात तो एका पायातून दुसऱ्या पायात जातो, हृदय काहीसं बाजूला राहतं. पण पायाचे स्नायू आकसून तो पडला की हात टेकतात. मग अंगाखालचं अंतरही वाढतं आणि प्रवाहाचा मार्गही छातीतून जाऊ लागतो.

अशा वेळी सुटण्याचा मार्ग याच वर्तुळांतून कळतो. धावायचं नाही, लांब टांग टाकायची नाही. दोन्ही पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, सरकत सरकत दूर जायचं. बाहेरच्यांनी निदान दहा मीटर लांब थांबून १९१२ वर फोन करायचा.

माझं हे गणित टोकच टेकलं आहे असं मानून केलेलं आहे. प्रत्यक्षात तार वीस-तीस मीटर लांब आडवी पडली असली, तर समविभव रेषा तिच्या बाजूने ताणलेल्या लंबगोलांसारख्या होतात आणि क्षेत्र वर्गाच्या हिशेबाने नव्हे तर संथपणे घटतं, म्हणजे धोका जास्त लांब पोचतो. तारेचं कुंपण किंवा लोखंडी पाइप मध्ये आला तर एका जागचं विभव दुसऱ्या टोकाला जसंच्या तसं पोचतं. सर्वांत फसवी गोष्ट ही, की २० अँपिअर प्रवाह लाइनच्या रोजच्या भारापेक्षा कमी असू शकतो. मग उपकेंद्रातला ब्रेकर पडत नाही. तार निपचित पडलेली दिसते, ठिणगीही दिसत नाही, आणि ती जिवंत असते.

उपकेंद्रात अभियंते हाच उतार सपाट करतात. जमिनीखाली लोखंडी पट्ट्यांची जाळी पुरतात, त्यामुळे जमिनीचा सगळा तुकडा जवळपास एकाच विभवावर वर उचलला जातो. विभव हजारो व्होल्ट झालं तरी पायांमधला फरक लहान राहतो. वर खडीचा थर असतो, तो पाय आणि माती यांच्यात रोध वाढवतो. जाळी जिथे संपते तिथे मात्र सगळा उतार एकवटतो, आणि कुंपण नेमकं त्याच काठावर येतं. म्हणून शेवटची पट्टी पुष्कळदा कुंपणाच्या एक मीटर बाहेरून पुरतात, म्हणजे कुंपणाला हात लावणाऱ्याचे पाय त्या कड्याच्या आतल्या बाजूला राहतात.