हॉलचं भाडं आणि हॉलचं बिल

आईच्या पंचाहत्तरीला दोनशे माणसं बोलवायची ठरतात आणि हॉलची शोधाशोध सुरू होते. फोनवर पहिला प्रश्न असतो, 'भाडं किती?' पलीकडून उलट प्रश्न येतो, 'तारीख कोणती?' कारण हॉलला एक भाव नसतो. शनिवार-रविवारचा वेगळा, मधल्या वारांचा वेगळा. आपल्याकडे त्यात पंचांगही डोकावतं. लग्नाचा दाट मुहूर्त असलेला मंगळवार रविवारच्या भावाने जातो, तर पितृपक्षातल्या शनिवारी मॅनेजर स्वतःहून सूट देऊ करतो. पंचाहत्तरीला असा मुहूर्त लागत नाही, म्हणून तारखेबाबत यजमानाचा हात मोकळा असतो. खरा हिशेब पुढे सुरू होतो.

मध्यम आकाराच्या एका हॉलचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, गावागणिक ते बदलतील. संध्याकाळच्या सत्राचं, म्हणजे चार ते दहाचं भाडं शनिवारी साठ हजार आणि गुरुवारी चाळीस हजार. हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरला तर गुरुवारी २३,६०० रुपये वाचतात. एवढी बचत दिसली की बहुतेक घरांत गुरुवारच ठरतो.

आता त्या गुरुवारची संध्याकाळ घड्याळ लावून पाहू. चार वाजता हॉल ताब्यात मिळतो, म्हणजे डेकोरेटरचा टेम्पो चारला आत येतो. स्टेजमागची फुलांची भिंत, दारावरची तोरणं, आईची खुर्ची, दिवे यांत अडीच तास सहज जातात. पत्रिकेत वेळ सातची असते. पण गुरुवार आहे, माणसं ऑफिसातून घरी जाऊन, कपडे बदलून निघतात, त्यामुळे निम्मे पाहुणे आठनंतर येतात. औक्षण, दोन भाषणं, फोटो होईपर्यंत पावणेनऊ वाजतात आणि जेवण सुरू होतं. शेवटचा पाहुणा आइस्क्रीम संपवून निघतो तेव्हा सव्वादहा झालेले असतात.

यजमानांच्या दृष्टीने कार्यक्रम पंधरा मिनिटं लांबला. हॉलच्या दृष्टीने मात्र तो अजून संपलेलाच नाही. दहाला हॉल रिकामा करायचा याचा अर्थ पाहुणेच नव्हे, तर केटररची भांडी, डेकोरेटरचे सांगाडे, उरलेल्या फुलांच्या गोण्या, सगळं बाहेर. भांडी घासून टेम्पोत चढेपर्यंत अकरा चाळीस होतात. दर्शनी बोर्डावर लिहिलेलं असतं, 'जादा वेळ प्रतितास ६,०००, अर्ध्या तासाचाही पूर्ण तास धरला जाईल.' एक तास चाळीस मिनिटांचे दोन तास होतात, म्हणजे बारा हजार आणि वर जीएसटी, एकूण १४,१६०. गुरुवार निवडून वाचवलेल्या रकमेतला निम्म्याहून मोठा हिस्सा इथे गेला.

ओव्हरटाइमचा दर मूळ भाड्याच्या मानाने चढा का असतो? चाळीस हजारांना सहा तास म्हणजे तासाला साडेसहा हजारांच्या आसपास पडतात, मग सहा हजार स्वस्तच, असं वरवर वाटेल. पण त्या शेवटच्या तासांत एसी बंद असतो, अर्धे दिवे मालवलेले असतात आणि आत फक्त भांड्यांचा आवाज असतो. रिकामा होत आलेला हॉल आपण भरल्या हॉलच्या भावाने वापरत असतो. मॅनेजरचीही बाजू आहे. सफाईची माणसं दहापासून ताटकळलेली असतात आणि सकाळी सातला दुसऱ्याचा कार्यक्रम असतो.

या सफाईचा वेगळा आकार असतो, समजा पाच हजार. त्यात झाडणं, पुसणं, स्वच्छतागृहं, टेबलं-खुर्च्या येतात. स्वयंपाकघर आणि ओला कचरा बहुधा येत नाही, तो केटररने न्यायचा असतो. हे केटररशी आधी बोललं नसेल तर अन्नाचे डबे तिथेच राहतात आणि त्यांची रक्कम अनामतीतून कापली जाते. कागदी चमकी उडवणारी नळी, जमिनीवर तुडवलेली रांगोळी, भिंतीवरच्या चिकटपट्टीसोबत निघालेला रंग हीही कपातीची नेहमीची कारणं. म्हणून ताबा घेताना भिंती, गालिचा आणि स्टेजचे मोबाइलवर फोटो काढून मॅनेजरला तिथल्या तिथे पाठवावेत. आधीचा डाग कोणाचा, हा वाद मग उरत नाही.

सजावटीत गोम वेगळी असते. हॉलचा ठरलेला डेकोरेटर पंचवीस हजार सांगतो, ओळखीतला माणूस तेच बावीस हजारांत करायला तयार असतो. तीन हजार वाचले म्हणावं, तर बाहेरचा डेकोरेटर आणल्याबद्दल हॉल सहा हजार 'रॉयल्टी' लावतो. शिवाय त्या माणसाला इथल्या जिन्याची, खिळ्यांच्या जागांची, विजेच्या पॉइंटची सवय नसते, त्याचा अर्धा-पाऊण तास जास्त जातो आणि तोही आपल्याच सहा तासांतला. नेहमीचा माणूस सांगाडे तिथेच ठेवून दुसऱ्या दिवशी नेऊ शकतो. बाहेरच्याला त्याच रात्री उचलावे लागतात. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८पासून राज्यात बंदी आहे, तो आणला तर हॉलवाला दारातच अडवेल.

वेळ विकत घेण्यालाही मर्यादा आहे. उघड्या लॉनवर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, मग ओव्हरटाइमचे कितीही पैसे मोजा. बंदिस्त हॉलला आतल्यापुरता आवाज ठेवण्याची नियमात मुभा आहे. गाण्यांचा कार्यक्रम असेल तर लॉन आणि हॉल यांच्या भाड्यांची तुलना करताना हा फरक धरायला हवा.

करही प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाच्या सार्वजनिक देवस्थानाच्या आवारातलं सभागृह दिवसाला दहा हजारांपेक्षा कमी भाड्याचं असेल, तर त्या भाड्यावर जीएसटी नाही. परत मिळणाऱ्या अनामतीवरही तो लावायचा नसतो. 'सगळ्यावर अठरा टक्के' असं कोणी म्हणालं तर बिल ओळीओळीने वाचावं.

मग गुरुवार घेऊ नये का? जरूर घ्यावा, पण भाड्यात आणखी दोन हजार कमी करा म्हणून घासाघीस करण्याऐवजी वेळ मागावी. शनिवारी सकाळच्या सत्राची पंगत तीनपर्यंत चालू असते, तेव्हा डेकोरेटरला लवकर आत घेणं मॅनेजरच्या हातात नसतं. गुरुवारी सकाळी हॉल बहुतेकदा रिकामाच असतो. 'दादा, डेकोरेटरला दोनलाच आत येऊ द्या आणि आमचं सत्र पाच ते अकरा करा,' असं बुकिंगच्या वेळी म्हटलं तर त्यात हॉलचं काही जात नाही. जेवणाची वेळ पत्रिकेत छापली आणि केटररला पहिल्या पाहुण्यापासून वाढायला सांगितलं, तर अकराचा काटा गाठता येतो. ठरलेलं सगळं पावतीवर लिहून घ्यावं. ताबा किती वाजता, हॉल रिकामा धरायचा तो पाहुणे गेल्यावर की टेम्पो गेल्यावर, आणि जादा वेळ अर्ध्या तासाने मोजणार की पूर्ण तासाने, एवढ्या तीन ओळी पुरतात. तोंडी कबूल करणारा मॅनेजर कार्यक्रमाच्या रात्री रजेवर असू शकतो.